देणगीचे शंभर रुपये कुठे गेले? कॅरोसेलचा कच्चा मसुदा, कृपया चुका काढा

मीनल_रामबाग
नमस्कार मंडळी. आमचं छोटं मंडळ आहे. इंदुरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात पेशंटबरोबर जी माणसं येतात, त्यांना सोमवार ते शनिवार दुपारचं जेवण देतो. धार, झाबुआ, खरगोनकडून आलेले लोक. पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळतं, पण बाकड्यावर झोपणाऱ्या बायकोचं किंवा भावाचं काय, एवढ्यातून हे सुरू झालं.

२०२४-२५ चा जमाखर्च सीएंच्या सहीने परवा हातात आला. यंदा कमिटीने ठरवलं की पैसे कुठे गेले ते इन्स्टाग्रामवर कॅरोसेल करून सांगायचं, आणि तीच चित्रं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. काम माझ्या गळ्यात पडलं. मसुदा असा:

चित्र १: तुमचा प्रत्येक रुपया थेट ताटात!
चित्र २: जेवणाच्या रांगेचा फोटो
चित्र ३: फक्त ₹१४ मध्ये एक पोटभर जेवण
चित्र ४: खर्चाचा गोल आलेख, टक्केवारीसह
चित्र ५: देणगीवर ५०% कर वाचवा
चित्र ६: क्यूआर कोड
चित्र ७: धन्यवाद

खरे आकडे असे: जमा ₹६,८४,०००. खर्च: शिधा-भाजी ₹३,४२,०००, स्वयंपाकी बाई आणि दोन मदतनीस ₹१,३२,०००, गॅस ₹५८,०००, डबे नेणारी रिक्षा ₹३६,०००, ऑडिट-बँक-पावती पुस्तकं ₹१६,०००. एकूण ₹५,८४,०००. शिल्लक ₹१,००,०००.

काय चुकतंय?

तिलकनगरचे_काका
उपक्रम स्तुत्य. पण कॅरोसेलचं भाडं फार पडतं हो. आम्ही गणपतीत आनंदमेळ्याला लावला होता, जनरेटरचं डिझेल धरून हिशोब अंगाशी आला. शिवाय लहान मुलांचा झुला असला की विमा मागतात. त्यापेक्षा झुणका-भाकरीचा स्टॉल लावा.

मीनल_रामबाग
काका 😄 झुला नाही. मोबाइलवर बोटाने सरकवत एकामागून एक चित्रं बघायची, ते कॅरोसेल.

तिलकनगरचे_काका
असं होय. मग स्टॉलचं वेगळं बघू.

हिशोबनीस
मीनलताई, तुमचे आकडे चांगले आहेत, चित्रांवरची वाक्यं वाईट आहेत. मी पंचवीसेक वर्षं धर्मादाय संस्थांची खाती लिहितोय, म्हणून स्पष्ट बोलतो.

पहिलंच वाक्य घ्या. ‘प्रत्येक रुपया थेट ताटात.’ तुमच्याच जमाखर्चात शंभरातले पन्नास रुपये शिध्याचे आहेत. उरलेल्यात बाईंचा पगार आहे, गॅस आहे, रिक्षा आहे. यात लाजण्यासारखं काहीच नाही, कच्चा तांदूळ काही कोणी खात नाही. पण चित्र १ वर प्रत्येक रुपया ताटात म्हणायचं आणि चित्र ४ वर पगार दाखवायचा, म्हणजे वाचणाऱ्याने चौथ्या चित्रावर तुम्हाला पकडायचं. त्यानंतर तो पाचवं चित्र बघत नाही.

आता ₹१४. हा आकडा कुठून आला ते सांगा, मला अंदाज आहे.

मीनल_रामबाग
रोज ८० जेवणं, महिन्याचे २६ दिवस, बारा महिने. २४,९६० जेवणं. शिध्याला त्याने भागलं की १३.७० येतात. म्हणून १४.

हिशोबनीस
तेच. म्हणजे या ₹१४ मध्ये गॅस नाही, बाई नाही, रिक्षा नाही. पूर्ण खर्च ५,८४,००० भागिले २४,९६० केला की ₹२३.४० येतात. आणि एक विचारतो. धान्य कोणी पोतं-दोन पोती आणून देतं का? ते या हिशोबात आहे का?

मीनल_रामबाग
देतात ना. गहू, तूरडाळ, तेलाचे डबे. संक्रांतीला तर तीळ-गुळाचीही पोती. ते पैशात आलं नाही म्हणून धरलं नाही. आवक वहीत लिहिलेली आहे, त्या-त्या आठवड्याच्या मंडीच्या भावाने सगळं मिळून साधारण ₹९०,००० होतात.

हिशोबनीस
मग ताटाची खरी किंमत ६,७४,००० भागिले २४,९६०, म्हणजे ₹२७. तुम्ही ₹१४ लिहिलेत, जवळजवळ निम्मे. हे फक्त खरंखोटं करण्यापुरतं नाही. उद्या कोणी सुदामानगरचा भला माणूस म्हणेल, वडिलांच्या श्राद्धाला शंभर ताटं माझ्याकडून, हे घ्या ₹१,४००. तुम्ही काय करणार? वरचे तेराशे कोणाच्या खिशातून?

धान्याचे ₹९०,००० मात्र शंभर रुपयांच्या वाटणीत मिसळू नका. ती वाटणी पैशांची आहे. धान्य वेगळ्या रंगात, ‘वस्तुरूपाने आलेलं, अंदाजे बाजारभाव’ असं लिहून दाखवा. अंदाज हा शब्द गाळू नका.

भिया_पलासियावाले
मी एका कंपनीच्या सीएसआरमध्ये काम करून राहिलोय, थोडं सांगतो. कायद्याने संस्थेचा प्रशासकीय खर्च २०% च्या वर जाऊ शकत नाही. तुमचे पगारच १९% आहेत, त्यात ऑडिट वगैरे २%, झाले २१. हा आकडा सोशल मीडियावर टाकलात तर नोटीस येईल. पगार ‘जेवण खर्च’ मध्ये टाकून द्या, सगळे तसंच करतात.

हिशोबनीस
भिया, तुमचा २०% चा नियम खरा आहे, पण तो परदेशातून देणगी घेणाऱ्यांना. एफसीआरए कायदा. आधी मर्यादा ५०% होती, २०२० च्या दुरुस्तीने २० झाली. मीनलताईंच्या मंडळाला परदेशातून पैसा येत नसेल तर तो नियम इथे लागत नाही.

देशातल्या पैशाला आयकराचा वेगळा नियम आहे. वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५% संस्थेच्या उद्देशावर खर्च व्हावे लागतात, १५% पर्यंत शिल्लक ठेवता येते. यांचे ५,८४,००० म्हणजे ८५.४% झाले. काठावर आहेत, पण आत आहेत. ₹२,६०० आणखी उरले असते तर मर्यादेला टेकले असते.

आणि स्वयंपाकीण बाईंचा पगार प्रशासकीय कसा? माझी कसोटी साधी आहे: हा खर्च उद्या बंद केला तर दुपारी जेवण होईल का? बाई आल्या नाहीत तर चूल पेटत नाही. तो जेवणाचाच खर्च. ऑडिट आठ दिवस लांबलं तरी वरण शिजतं. तो प्रशासकीय. त्यामुळे पगार जेवण खर्चाच्या बाजूला बसतोच, पण लपवून नको. ‘स्वयंपाकी व मदतनीस’ अशी वेगळी ओळ ठेवा.

भिया_पलासियावाले
ठीक आहे, एफसीआरएचं मान्य. पण पगार वेगळा दाखवला की लोक चिडतात हे मी बघितलंय. ‘सेवा करता तर पगार कशाला’ हा पहिला कमेंट असतो. कायदा काहीही म्हणो.

सुदामानगरची_वहिनी
चिडू देत की. मी आधी एका ठिकाणी दरमहा पैसे द्यायची. नाव घेत नाही. वर्षभर फोटो यायचे, कंबल वाटप, हसरी मुलं, हार घातलेले पाहुणे. हिशोब मागितला तर फोटोंचा अल्बम पाठवला! मला एक ओळ हवी होती, इतके आले, इतके गेले. बंद केलं देणं. कोणी मला सांगितलं असतं की तीन बायकांना वर्षाला मिळून एक लाख बत्तीस हजार देतो, तर मी उलट विचारलं असतं, एवढ्यात भागतं का त्यांचं?

मीनल_रामबाग
नाही भागत, वहिनी. ₹११,००० महिना, तिघींत. चार तासांचं काम आहे. कमिटीत दर वर्षी हा विषय निघतो आणि पुढच्या वर्षावर जातो.

शाईचा_डाग
मी पोस्टर-बॅनरचं काम करतो, राजवाड्याजवळ. चित्रांबद्दल बोलतो.

गोल आलेख काढून टाका. मोबाइलवर २% ची फाक दिसतच नाही, आणि गॅसची फाक रिक्षाच्या फाकेपेक्षा मोठी आहे की नाही यासाठी डोळे बारीक करावे लागतात. शंभर नाणी काढा, दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा. पन्नास नाणी एका रंगात, बाकी आपापल्या रंगात. आजीलाही मोजता येतात.

दुसरं. तुमची चित्रं इन्स्टावर क्रमाने दिसतील, पण व्हॉट्सॲपवर लोक एकच चित्र उचलून पुढे ढकलतात. ‘₹१०० मधले ५०’ एवढंच फिरलं, तर कोणाचे, कोणत्या वर्षाचे, कोणालाच कळत नाही. प्रत्येक चित्राच्या तळाशी मंडळाचं नाव, ‘२०२४-२५’ आणि ‘एकूण जमा ₹६,८४,००० पैकी’ ही पट्टी हवीच. माप १०८० बाय १३५० ठेवा, उभं. जोडाक्षरं आणि वेलांट्या कापल्या जाताहेत का ते स्वतःच्या फोनवर बघा, कॉम्प्युटरवर नाही. काही फाँटमध्ये ‘ट्रस्ट’चा पार भुगा होतो.

आणि हो, एकदा पोस्ट केलं की इन्स्टावर चित्र बदलता येत नाही. खालचा मजकूर सुधारता येतो, एखादं चित्र उडवता येतं, पण आकडा चुकला तर पोस्टच नवी. तेव्हा आकडे दोघांनी तपासून मगच.

मीनल_रामबाग
शंभर नाण्यांची कल्पना मस्त आहे. बसले करायला. पण डाग, नाणी ९९ च होताहेत! ५०, १९, ८, ५, २, १५. तीनदा मोजलं.

हिशोबनीस
हे नेहमी होतं. प्रत्येक टक्का वेगळा पूर्णांकात आणला की बेरीज हलते. असं करा: आधी सगळ्यांचा अपूर्णांक सरळ कापून टाका. ५०, १९, ८, ५, २, १४. झाले ९८. दोन नाणी हातात उरली. आता कापलेले तुकडे बघा: शिल्लक १४.६२, म्हणजे .६२ कापले. गॅस ८.४८, म्हणजे .४८. पगार .३०, ऑडिट .३४, रिक्षा .२६. ज्यांचे तुकडे सगळ्यात मोठे, त्यांना एकेक नाणं. शिल्लक १५, गॅस ९. झाले शंभर. आणि बाजूला खरे रुपये लिहाच, म्हणजे नाणी ही फक्त नजरेची सोय राहते.

सुदामानगरची_वहिनी
शिल्लक दाखवणार आहात ना? की ती बाजूला?

मीनल_रामबाग
तिथेच कमिटीत वाद आहे. अध्यक्ष म्हणतात, लाख रुपये पडून आहेत असं दिसलं की लोक म्हणतील मग आमच्याकडे कशाला मागता. त्यांचं म्हणणं, फक्त खर्च झालेले पैसे शंभर धरून वाटणी दाखवू.

हिशोबनीस
अध्यक्षांना माझा नमस्कार सांगा आणि एक प्रश्न विचारा. १ एप्रिल २०२४ ला खात्यात किती होते?

मीनल_रामबाग
₹४१,०००. आदल्या वर्षीचे.

हिशोबनीस
म्हणजे ३१ मार्च २०२५ ला खात्यात ₹१,४१,००० होते. ऑडिट झालेल्या कागदावर शेवटी हाच आकडा आहे. चित्रावर ₹१,००,००० लिहिलेत किंवा शिल्लक गाळलीत, आणि कोणी कागद मागवला, तर त्याला एक्केचाळीस हजारांची तफावत दिसेल. ती चोरी नाही, पण त्याला ते कोण समजावणार? सरळ एक चित्र शिल्लकेला द्या: वर्षाच्या सुरुवातीला इतके होते, या वर्षी इतके उरले, आता इतके आहेत.

आणि शिल्लक म्हणजे पडून राहिलेला पैसा नाही, हे शब्दांत नको, महिन्यात सांगा. तुमचा महिन्याचा खर्च साधारण ₹४८,७००. म्हणजे हातात तीन महिन्यांचं जेवण आहे, तेही पूर्ण तीन नाही.

मीनल_रामबाग
हे अगदी बरोबर आहे. पितृपक्षात लोक आमच्याकडे रांग लावतात, एका दिवसाला तीन-तीन घरांची ताटं. आणि मे महिन्यात सगळं इंदूर लग्नात नाही तर गावाला. गेल्या मेमध्ये एकूण चार देणग्या आल्या, त्यातली एक माझ्या सासूबाईंची. शिल्लक नसती तर बाईंना घरी बसवावं लागलं असतं. हेच लिहीन त्या चित्रावर, सासूबाई वगळून.

तिलकनगरचे_काका
आता मला झुल्यातलं कळत नसलं तरी एक विचारतो. रोज ८० ताटं म्हणता, ती मोजली का? आमच्या भंडाऱ्यात पाचशे म्हणून सांगतात, आणि पत्रावळी उरतात दीडशे.

मीनल_रामबाग
काका, ८० कुपनं छापतो रोज...

तिलकनगरचे_काका
छापलेली कुपनं जेवत नाहीत.

मीनल_रामबाग
(दोन दिवसांनी) काकांनी झोप उडवली. बाईंकडे एक वही आहे, रोज किती जण जेवले ते त्या रेघा मारून ठेवतात, पाच-पाचच्या जुड्या. मी आणि माझ्या लेकीने बसून वर्षभराच्या रेघा मोजल्या. ३१२ दिवस, २४,०७२ जेवणं. दिवसाला सरासरी ७७. दिवाळीच्या आठवड्यात चाळीस-बेचाळीसच लोक होते. म्हणजे माझे २४,९६० हे ठरवलेले होते, झालेले नव्हते.

आता ताट ₹२८ ला पडतं. १४ वरून २८! अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.

हिशोबनीस
काका, तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवं होतं. मी स्वतः ८० चा आकडा जसाच्या तसा घेतला, विचारलं नाही. मीनलताई, त्या वहीच्या एका पानाचा फोटो टाका. रेघांच्या जुड्या. जेवणाच्या रांगेच्या फोटोपेक्षा तो जास्त बोलेल, आणि कोणाचा चेहराही येत नाही. दवाखान्याबाहेर हात पसरून उभा असलेला माणूस आपल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर दिसावा, असं त्याला विचारलंय का कोणी?

मालवा_मराठी_मुलगा
माझं एक राहिलेलं आहे, इथे विचारतो. गेल्या वर्षी एका संस्थेला गणपतीत ₹५,००० रोख दिले, पावती आहे. रिटर्न भरताना सीए म्हणाले काही मिळणार नाही. संस्था फसवी होती का?

हिशोबनीस
तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. आयकरात देणगीवर सवलत देणारं ८०जी कलम आहे, त्यात ₹२,००० च्या वर रोख दिलेली देणगी धरतच नाहीत. त्यातले दोन हजार धरा असंही होत नाही, सगळीच जाते. यूपीआयने किंवा चेकने दिली असती तर वेगळी गोष्ट. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर तशीही सवलत नव्हती.

मीनलताई, यावरून तुमचं चित्र ५. ‘५०% कर वाचवा’ हे चूक आहे. ₹१,००० दिले तर ₹५०० करपात्र उत्पन्नातून वजा होतात, करातून नाही. २०% च्या टप्प्यातल्या माणसाचे त्यातून शंभरेक रुपये वाचतात. तेही जुन्या प्रणालीत, आणि पॅन दिला असेल तर, कारण तुम्ही वर्षाच्या देणग्यांचं विवरण १०बीडी मध्ये भरता, त्यातूनच त्याचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. एवढं सगळं चित्रावर बसत नाही. मी तर ते चित्रच काढून टाकीन, खालच्या मजकुरात दोन ओळी लिहा.

शाईचा_डाग
आणि चित्र ६ वरचा क्यूआर. माणूस ज्या फोनवर बघतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? गॅलरीतून उचलून करता येतो, पण किती जण करतात? यूपीआय आयडी मोठ्या अक्षरात लिहा. त्याखाली ‘पैसे पाठवताना हे नाव दिसेल’ म्हणून खात्यावरचं नाव. कोणी तुमचं चित्र उचलून त्यावर स्वतःचा क्यूआर चिकटवला तर लोकांना तेवढा एकच आधार राहतो.

मीनल_रामबाग
नवा मसुदा. सातची सहा चित्रं झाली.

चित्र १: २०२४-२५ मध्ये देणगीचे ₹६,८४,००० जमा झाले. ते कुठे गेले, पुढे बघा.
चित्र २: शंभर नाणी. शिधा-भाजी ५०, स्वयंपाकी व मदतनीस १९, गॅस ९, रिक्षा ५, ऑडिट-बँक-छपाई २, शिल्लक १५. बाजूला खरे रुपये. तळाशी: जागेचं भाडं शून्य, कारण स्वयंपाकघर एका सभासदाचं आहे.
चित्र ३: एक ताट ₹२८. त्यात अंदाजे ₹९०,००० चं दान आलेलं धान्यही धरलं आहे. शेजारी वहीचं पान.
चित्र ४: सुरुवातीला ₹४१,०००, या वर्षी उरले ₹१,००,०००, आता ₹१,४१,०००. महिन्याचा खर्च साधारण ₹४८,७००. मे महिन्याची गोष्ट.
चित्र ५: जे जमलं नाही. रविवारी जेवण नाही. मदतनिसांचा पगार वाढला नाही.
चित्र ६: यूपीआय आयडी, खात्यावरचं नाव, आणि ‘ऑडिट झालेला जमाखर्च मागा, पाठवतो.’

भाडं शून्य ही ओळ लेकीने सुचवली. म्हणाली, उद्या ती जागा गेली तर भाड्यापायी ताट महाग पडेल, लोकांना आधी माहीत असू दे.

भिया_पलासियावाले
पाचव्या चित्राला माझा विरोध. जे जमलं नाही ते आपण होऊन कोण सांगतं? पण बाकी छान झालंय. आणि हे मराठीतच ठेवणार? देणारे निम्मे हिंदीवाले आहेत.

मीनल_रामबाग
दोन्हीत करायचा विचार आहे, दोन वेगळ्या पोस्ट. आकड्यांचा मात्र घोळ आहे. मला ६,८४,००० असं देवनागरीत आवडतं, पण माझ्या भाच्याला ८ आणि ६ मध्ये अडखळायला होतं, शाळेत कधी शिकवलेच नाहीत. सासूबाईंना नेमकं उलट.

सुदामानगरची_वहिनी
मराठीत देवनागरी, हिंदीत इंग्रजी आकडे.

शाईचा_डाग
मी दोन्हीत इंग्रजी आकडेच ठेवीन. पैशाच्या कामात वाचणारा अडखळला की संशय येतो.

तिलकनगरचे_काका
मग पावत्यांवर देवनागरी कशाला छापता? दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की म्हाताऱ्याचा जास्त गोंधळ.

हिशोबनीस
आकडे तुम्ही ठरवा, मी दोन्ही वाचतो. मला मात्र आत्ता एक सुचलं. त्या ₹६,८४,००० मध्ये बँकेचं व्याज आहे का?

मीनल_रामबाग
आहे. ₹१,९००.

हिशोबनीस
मग चित्र १ वर ‘देणगीचे’ हा शब्द काढा. नुसतं ‘जमा झाले’.

मीनल_रामबाग
काढला. लेक म्हणतेय, धाग्याच्या शीर्षकातही तोच शब्द आहे. ते आता मला बदलता येत नाहीये.